आठच ना, साहेब?

पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, निजामाच्या अमलात. डॉक्टर दौऱ्यावर गेले की लोक मलाच डॉक्टर म्हणत, आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. उलट त्या दिवसांत माझा फेटा जरा नीट बांधलेला असायचा आणि चालही बदललेली असायची. हैदराबादेहून परीक्षा देऊन आलो तेव्हा तिथल्या मास्तरांनी सांगितलं होतं, कंपाउंडरनं दोनच गोष्टी सांभाळाव्यात, तराजू आणि तोंड. तराजू मी सांभाळला.

माझी खरी मिजास होती ती डॉक्टरांचं अक्षर वाचण्यावर. आमचे डॉक्टर हैदराबादचे, उर्दू बोलणारे, हाताला घाई फार. त्यांची चिठ्ठी म्हणजे मुंग्या शाईत बुडून कागदावरून पळाल्यासारखी. तहसीलचा पेशकार, रोज कागदच वाचणारा कारकून, एकदा ती उलटी धरून बघत बसला होता. पण मला ती वाचता यायची, घडघड वाचता यायची, आणि येत असल्याचं मी गावभर सांगितलं होतं. चावडीवर बसलो की म्हणायचो, साहेबांनी हवेत बोट फिरवलं तरी मी औषध बनवून देईन. माणसानं किती बोलावं याला काही धरबंध असतो, तो मला नव्हता.

चैत्राचे दिवस होते. डॉक्टर लस टोचण्याच्या दौऱ्यावर निघून दोन दिवस झाले होते आणि दवाखान्यात मी आणि एक म्हातारा चपराशी एवढेच होतो. सकाळी, उन्हं नुकती पायरीपर्यंत आली असताना, एक माणूस आत आला. अंगावर बंडी, खांद्यावर घोंगडी, हातात रिकामी बाटली. दोन कोसांवरच्या खेड्यातून तो पायी आला होता. फेट्याच्या घडीतून त्यानं चिठ्ठी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"डागदर सायेब काल आमच्या गावात आलते. पोरीला बगितलं आन् ह्ये लिवून दिलं," तो म्हणाला. "जुनी बाटली सपली. नवी बनवून द्या."

ती पोर मला माहीत होती, म्हणजे कागदावर माहीत होती. सहा वर्षांची, डांग्या खोकला. उबळ आली की एवढीशी पोर जीव कोंडून निळी पडते असं बाप मागच्या दोन्ही खेपांना सांगून गेला होता. डॉक्टर तिला बेलाडोना देत होते. बेलाडोना हे धोतऱ्याच्याच गणगोतातलं झाड. त्याचा अर्क बेतानं दिला तर उबळ ढिली पडते, आणि बेत चुकला तर धोतरा खाल्लेल्या माणसाचं जे होतं तेच होतं. म्हणून तो मिनिमवर मोजायचा. मिनिम म्हणजे आमच्या मापाच्या पेल्यावरची सगळ्यात बारीक रेघ. लोक त्याला थेंब म्हणत, मीही इथे थेंबच म्हणतो.

चिठ्ठी उघडली आणि मी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. चूक चष्म्याची नव्हती.

चिठ्ठीवर औषधांची नावं डावीकडे एकाखाली एक लिहितात आणि प्रत्येकापुढे उजवीकडे त्याचं प्रमाण. खालची नावं, सरबत, पाणी, बारा मात्रा, दिवसातून तीन वेळा, हे सगळं ठणठणीत होतं. पण वरचा उजवा कोपरा पार धुऊन निघाला होता. तिथे निळ्या शाईचा एक ढग होता, आणि तो ढग नेमका बेलाडोनाच्या प्रमाणावर बसला होता.

"ह्याला पाणी कसं लागलं?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "कारभारनीनं पोरीला पाजलं."

"काय पाजलं?"

"कागद."

आमच्या भागात हे नवं नव्हतं. दर्ग्यातला फकीर केशराच्या पाण्यानं कागदावर काहीतरी लिहून देतो, तो कागद वाटीभर पाण्यात धुवायचा आणि ते पाणी आजाऱ्याला पाजायचं. हिंदू काय, मुसलमान काय, सगळे पाजत. पोरीच्या आईनं विचार केला असणार, की फकिराच्या कागदात गुण असतो तर एवढ्या मोठ्या सरकारी साहेबाच्या कागदात किती असेल. पण बाई हिशेबी होती. सगळा कागद न धुता तिनं फक्त एक कोपरा वाटीत बुडवला, बाकीचा नवऱ्याबरोबर औषधासाठी पाठवला. म्हणजे औषधाचं प्रमाण पोरीच्या पोटात होतं आणि नावं माझ्या हातात.

मी हसलो. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मोठ्यानं हसलो, आणि चपराशालाही हसायला लावलं. तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. मग मी जरा दिमाखात म्हणालो, "असू दे. मला वाचता येतंय."

का म्हणालो? कारण ते वाक्य माझ्या तोंडात नेहमी तयारच असायचं. आणि एकदा म्हटल्यावर ते खरं करून दाखवणं भाग होतं. मी चिठ्ठी खिडकीशी नेली आणि उजेडासमोर धरली. ढगाच्या खाली एक शेपटी तेवढी उतरलेली दिसत होती. डॉक्टर आकडे रोमन पद्धतीनं लिहीत, उभ्या उभ्या काठ्या, आणि शेवटच्या काठीला खाली लांब शेपूट काढत, म्हणजे पुढे कुणी आणखी एक काठी वाढवू नये. ही शेपटी पाण्यातून वाचली होती. तिच्यावरून एवढंच कळत होतं की आकडा काठीवर संपतो. दोन, तीन, सात, आठ, काहीही असू शकत होतं.

मग मी रजिस्टर काढलं. पहिल्या खेपेला तीन थेंब, दुसऱ्या खेपेला पाच. डॉक्टर पायरी पायरीनं चढवत होते हे उघड होतं. डांग्या खोकल्यात बेलाडोना चढवतच नेतात, हे मी शिकलेलो होतो. तीन, पाच, मग पुढे काय? आठ. आणि आठाचा आकडा काठीवरच संपतो. शेपटी जुळली, रजिस्टर जुळलं, माझी विद्या जुळली. मी स्वतःवर इतका खूष झालो की मनात म्हटलं, हा कागद आख्खा धुतला असता तरी मी वाचला असता.

मी पेला घेतला, अर्काची बाटली खाली उतरवली. बारा मात्रांना एकेकी आठ, म्हणजे शहाण्णव. सावकाश, डोळ्यासमोर पेला धरून, अगदी परीक्षेत ओतल्यासारखा ओतला. हात जराही हलला नाही. माझा हात कधीच हलत नसे, याचाही मला अभिमान होता. चूक असली तरी ते शहाण्णव थेंब बिनचूक होते.

तो माणूस इतका वेळ टेबलाच्या पलीकडून चिठ्ठीकडे बघत होता. त्याला एक अक्षर येत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "सायेब, रागावू नका. पर तितं तर कायबी न्हाई. नुसती शाई पसरल्याली हाय. मंग तुमी वाचताय काय?"

चपराशी खोकला. तो खोकला डांग्या नव्हता.

ज्याला वाचता येत नाही त्याला स्वच्छ दिसत होतं की तिथे वाचण्यासारखं काही नाही. मी मात्र ज्ञानाच्या जोरावर कोरी जागा वाचत होतो. मला राग आला, आणि आधी त्याचाच आला. मी म्हणालो, "तुझ्या बायकोनं धुतलं नसतं तर ही वेळच आली नसती."

"ते खरं हाय," तो म्हणाला. "पर आता काय करायचं?"

यावर रागावता येईना. पेल्यातला अर्क मी मोरीत ओतला. सरकारी औषध असं ओतून देताना नाही म्हटलं तरी हळहळ वाटली. मग विचारलं, "साहेब आता कुठे आहेत?"

साहेब त्याच्या गावाहून दीड कोस पुढच्या खेड्यात मुक्कामाला होते. म्हणजे जायचे साडेतीन कोस, आणि यायचे तेवढेच. नुसती चिठ्ठी पाठवता आली असती, पण बापाच्या हाती पाठवलेल्या आधीच्या चिठ्ठीचं काय झालं ते मी बघितलं होतं. चपराशाचे पाय सुजलेले. राहता राहिलो मी. घरी खुंटीवर छत्री होती, ती मागवून घेतली, नवे पंपशू होते ते घातले. नवे जोडे घालून साडेतीन कोस चालू नये, हे त्या दिवशी मला कुणीही सांगितलं असतं, पण मी विचारलं कुणाला होतं?

वाटेत तो बोलत होता आणि मी टाचेचा विचार करत होतो. "चार दिस झालं, पोरगी लई इचित्र करती," तो म्हणाला. "भिंतीशी बोलती. हवेतनं कायतरी येचती. डोळं हे एवडं झाल्यात. घडीघडी पानी मागती, पर गिळवत न्हाई. गावात म्हनत्यात बाहेरचं झालं. म्हून तर कारभारनीनं कागद पाजला."

आता, हे वाचणाऱ्याला वाटेल की इथे कंपाउंडर ताडकन थांबला असेल. तो थांबला नाही. त्याला टाचेला फोड आला होता. मी म्हणालो, "ताप असेल. बाहेरचं बिहेरचं काही नसतं." अशा माहितीचा मी मोठा दाता होतो.

त्याचं गाव लागलं तेव्हा तो वेशीपाशी थांबला. "सायेब, पाच मिन्टं घरी या. पोरीला बगा."

"मी काय डॉक्टर आहे का?" मी म्हणालो. पाटोद्यात मला सगळे डॉक्टर म्हणत ते मला चालत होतं. इथे मात्र मी एकाएकी कंपाउंडर झालो, कारण उशीर होत होता आणि पाय दुखत होते. आम्ही पुढे निघालो.

आणि चालता चालता मी वाक्य जुळवत होतो. साहेबांपुढे जाऊन काय म्हणायचं? "साहेब, वाचता आलं नाही" असं म्हणायचं, तेही या माणसासमोर, ज्याला मी सकाळी हसलो होतो? ते जिवावर आलं. बरं, मला तर माहीत होतंच की आठ आहे. मग नुसती खात्री करायची. "आठच ना, साहेब?" बस. तीन शब्दांत काम होईल, साहेबही म्हणतील, माणूस हुशार आहे, उगाच काळजी घेतो. दीड कोस मी हेच वाक्य घोळवत चाललो. सुरुवातीला ते प्रश्नासारखं वाटत होतं, शेवटी शेवटी उत्तरासारखं वाटायला लागलं.

खेड्याच्या चावडीपुढे लिंबाखाली साहेब खुर्चीवर बसले होते. समोर रांग, डाव्या हाताला पाटील, उजव्या हाताला लसीचं सामान. एकेक दंड पुढे येत होता, साहेब पुसत होते, टोचत होते, पुढचा बोलावत होते. घामानं त्यांचा अंगरखा पाठीला चिकटला होता. मी सलाम करून जवळ गेलो आणि कानाशी म्हणालो, "साहब, वो खाँसी की बच्ची... बेलाडोना आठ ही ना, साहब?"

ते एका म्हातारीचा दंड पुसत होते. मान न वळवता हैदराबादी ढंगात हो म्हणाले, "हौ, हौ."

झालं. मी मागे सरलो. अंगावरचं ओझं उतरलं. बापाकडे वळून मी असा चेहरा केला की बघ, मी सांगत नव्हतो? तो म्हणाला, "काय म्हनले?" मी म्हणालो, "आठ. माझंच बरोबर होतं." आणि आम्ही परत निघालोसुद्धा. गावाची शीव ओलांडून शंभर पावलं गेलो असू.

मग मी परत फिरलो. ते मात्र मुलीसाठी नाही. हे सरळ सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं लोकांनी मला त्या परत फिरण्याचं श्रेय दिलं आणि मी ते गुपचूप घेतलं. मी परत फिरलो रजिस्टरसाठी. दवाखान्याची तपासणी जवळ आली होती. खराब झालेल्या चिठ्ठीवरून औषध दिलं तर त्यावर डॉक्टरांची नवी सही पाहिजे, असा नियम होता, आणि सहीशिवाय शहाण्णव थेंब खर्ची टाकले असते तर तपासणीसानं माझं कातडं काढलं असतं. कातडं माझं असल्यामुळे मला नियम आठवला.

बापाला म्हटलं, "थांब इथेच," आणि लंगडत साहेबांकडे गेलो. "साहब, सिर्फ दस्तखत."

सही करायची म्हणजे चष्मा लावणं आलं, कागद गुडघ्यावर घेणं आलं. साहेबांनी चष्मा लावला. कागद बघितला, धुतलेला कोपरा बघितला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ये क्या है?"

मी सांगितलं, कोपरा आईनं धुतला, पण आपण आत्ताच म्हणालात, आठ.

"मैंने कब कहा?"

"अभी, साहब. मैंने पूछा, आठ ही ना, आप बोले, हौ."

साहेबांनी हातातली सुई खाली ठेवली. रांगेतल्या माणसाला हातानंच थांबवलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, कारण ओरडणाऱ्या साहेबापुढे कसं उभं राहायचं हे मला येत होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, आठ तुम्ही कुठून आणलेत. मी रजिस्टर सांगितलं, तीन सांगितलं, पाच सांगितलं, शेपटी सांगितली. माझी विद्या त्या लिंबाखाली सांगताना पाटोद्यातल्या इतकी चांगली वाटत नव्हती.

ते म्हणाले, दो. दोन. आणि तेही आज नाही, दोन दिवस काहीच द्यायचं नाही, मग दोनानं सुरुवात. कागदावर जागा संपली म्हणून ही सूचना त्यांनी वरच्याच कोपऱ्यात, आकड्याच्या डोक्यावर लिहिली होती, म्हणजे तीही पोरीच्या पोटात गेली होती. तोंडी सांगितलं होतं पाटलाला, मुलीच्या गावच्या. पाटील साहेबांच्या जेवणाच्या गडबडीत होता, त्यानं मान हलवली आणि बापापर्यंत एवढंच पोचलं, की औषध आणायचंय.

"क्यों दो?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या. चेहरा लाल. तोंड कोरडं. भिंतीशी बोलते. हवेतून वेचते. पाचच तिला जास्त झाले होते. खोकल्यात बेलाडोना चढवतात, पण एवढं दिसलं की थांबतात, उतरवतात. म्हणूनच त्यांनी मुलीला स्वतः बघून आकडा कमी केला होता. रजिस्टरमध्ये कागद असतो, मुलगी नसते, असं ते म्हणाले.

बापानं वाटेत हेच सगळं, एकूण एक, मला सांगितलं होतं. मी ताप म्हणालो होतो.

मग साहेबांनी नवी चिठ्ठी लिहिली. आकड्यात दोन लिहिलं, पुढे अक्षरांत दोन लिहिलं, खाली रेघ मारली, दिवस लिहिला, सही केली. माझ्याकडे दिली आणि म्हणाले, वाचा. मी वाचलं. मग त्यांनी कागद काढून घेतला आणि म्हणाले, आता कागदाशिवाय सांगा. मी परीक्षेतल्या पोरासारखा उभा राहून सांगितलं, रांगेतले पन्नास लोक बघत होते. "आणि इथून पुढे," ते उर्दूत म्हणाले, त्याचा अर्थ असा, "मला विचाराल तेव्हा किती आहे असं विचारा. आठ आहे ना असं विचारू नका. माझे हात कामात असतात. मी कशालाही हौ म्हणेन."

इतकं बोलून त्यांनी सुई उचलली. मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. त्यांनी का नाही नीट ऐकलं? पण तो राग फार टिकला नाही, टाच जास्त दुखत होती.

बाप शिवेपलीकडे दगडावर बसला होता. मी त्याला तिथे काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "चल, घरी. पोरीला बघू." त्यानं आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं आणि उठला. नवे जोडे मी हातात घेतले आणि अनवाणी चाललो. फुफाटा पोळत होता. दीड कोसात मी एकही शहाणपणाचं वाक्य बोललो नाही, हा त्या वाटेवरचा माझा विक्रम असावा.

त्यांचं घर म्हणजे एक खण आणि पुढे पडवी. पोर पडवीत वाकळेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. भिंतीला सांगत होती, "इकडं ये, इकडं ये, माजी बाहुली दे." मग हवेतून काहीतरी चिमटीत धरून मांडीवर ठेवत होती, पुन्हा धरत होती. मी समोर बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांचा काळा भाग इतका मोठा झाला होता की कडेला तपकिरी रंगाची नुसती दोरी उरली होती. ती मला बघत होती की नाही कळेना. गाल लाल, ओठ फुटलेले. त्या डोळ्यांसमोर मला सकाळचा पेला आठवला, डोळ्यासमोर धरलेला, न हलणारा हात आठवला. मला तेव्हा फार भीती वाटली. एवढी भीती मला पुढे कधी वाटली नाही.

आई दाराशी उभी होती, पदराचं टोक दातात धरून. ती मला म्हणाली, "म्या कागद धुतला म्हून झालं का ह्ये?"

सकाळी मी तिला हसलो होतो, तिच्या नवऱ्याला सुनावलंही होतं. "नाही, बाई," मी म्हणालो. "कागदानं काही झालं नाही. आधीचं औषध तिला जास्त झालं. बाहेरचं नाही, औषधाचंच आहे. दोन दिवस काही द्यायचं नाही. चमच्यानं पाणी पाजत राहा, उजेडात बसवू नका. झोप लागेना, अंग तापलं, जास्तच बडबडायला लागली, तर लगेच साहेबांना बोलवा, ते परवापर्यंत इथून दीड कोसावर आहेत. मग दोन थेंबांनी सुरू करायचं."

ती आत जाऊन पाणी घेऊन आली. पुढे ती पोर बरी झाली हे आत्ताच सांगून टाकतो. दोन दिवसांत बडबड थांबली, आणि दोन थेंबांवर खोकलाही हळूहळू गेला, पावसाळ्याच्या आधी. पण त्या दुपारी हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"दोन?" बाप म्हणाला. "तुमी आठ म्हनलं हुतं."

"हो."

"सायेबांनी बी आठ म्हनलं हुतं."

"ते मी त्यांच्या तोंडात घातलं होतं. सकाळी तू विचारलं नसतंस तर मी आठच दिले असते. बाटलीत भरून, दिवसातून तीन वेळा."

"आठ दिलं असतं तर?"

मी पोरीकडे बघितलं आणि त्याला ते पुरलं. तो उठला, पोरीला वाकळेसकट उचलून मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसला. आई पाण्याची वाटी घेऊन त्याच्या बाजूला गेली. मी तिथेच बसून राहिलो. उठून जावं असं वाटत होतं, आणि जाऊ नये असंही वाटत होतं. पोर एकदा खोकली, पण उबळ आली नाही. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, चमच्यानं पाणी पाजलं, अर्धं सांडलं, पुन्हा पाजलं.

मग, पाठ तशीच ठेवून, तो म्हणाला, "नवा कागद हाय न्हवं? इकडं आना."

मी पुढे सरकलो आणि चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

"कुटं लिवलंय, बोट ठिवा."

मी अक्षरांतल्या दोनवर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो खाली वाकून, पोरीला सावरत, माझ्या बोटाखालचं ते अक्षर नीट बघत होता. मग म्हणाला, "वाचा."

मी वाचलं.

"आनखी एकदा."

मी पुन्हा वाचलं.